बरणीतला वरचा चमचा

लोकांच्या तराजूंवर संशय घेणं हे माझं काम आहे आणि त्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. वजनमाप खात्यात बावीस वर्षं निरीक्षक आहे. दुकानात शिरलो की दुकानदार आधी पाणी विचारतो, मग खुर्ची देतो आणि मग घाम पुसतो. मी पिशवीतून पितळेची वजनं काढून त्याच्या तराजूवर ठेवतो आणि काही बोलत नाही. न बोलण्यानं अर्धी कबुली आपोआप येते.

तर अशा माणसाला आहारवाल्या बाईंनी विचारलं, "काका, तुमची डायरी खरी आहे ना?"

काका! मी सेहेचाळीसचा, ती असेल तिशीची. पण त्या दिवशी मला काका या शब्दाचं काही वाटलं नाही. समोर दोन कागद होते. एकावर माझं वजन: चार आठवड्यांपूर्वी चौऱ्याहत्तर, आज त्र्याहत्तर. दुसऱ्यावर माझ्या यकृतातली चरबी: तेव्हा अठरा टक्के, आज सोळा. हवी होती दहाच्या खाली. आणि हातात उरले होते चार आठवडे.

यकृत मला माझ्यासाठी नको होतं, म्हणजे हवंच होतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त तुकडा थोरल्या भावाला द्यायचा होता. दादा शिंपी. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी जुन्या काविळीनं त्याचं यकृत आतून वाळवलं. आता दर बारा दिवसांनी त्याच्या पोटातलं पाणी सुईनं काढतात. दर वेळी पाच-सहा लिटर. पहिल्यांदा ती बाटली बघून मी सवयीनं तिच्यावरच्या खुणा मोजल्या. आमचा रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं, फक्त माझं यकृत लोण्यानं माखलेलं निघालं. चरबी भरलेला तुकडा तिकडे नीट रुजत नाही आणि उरलेला इकडे नीट वाढत नाही, असं सर्जन म्हणाले. "आठ आठवडे देतो. त्यात उतरलं तर तुम्ही. नाही उतरलं तर यादी."

यादी म्हणजे मेलेल्या माणसाच्या यकृतासाठी लागलेली रांग. त्या रांगेत दादाचा नंबर किती, हे कोणी सांगत नव्हतं. सगळे फक्त मान हलवायचे, आणि ती मान कुठल्या दिशेला हलते हे आम्हाला कळायचं.

म्हणून चौदाशे कॅलरी. रोज वीस ग्रॅम तेल, साखर शून्य. पहिल्याच दिवशी बाईंनी मला एका कडीत ओवलेले चार प्लॅस्टिकचे मापी चमचे दिले होते, तेव्हापासून घरात त्यांचं नाव चमचाबाई पडलं. दादानं ठेवलं. पोटात पाणी भरलेलं असतानाही तो नावं ठेवण्याचं काम नियमित करत असे.

"डायरी खरी आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के."

"शंभर टक्के खरी असती तर दोन किलो उतरले असते. एकच उतरलाय. म्हणजे रोजच्या सव्वादोनशे, अडीचशे कॅलरी कुठून तरी येताहेत."

"हवेतून येत असतील."

"हवेत कॅलरी नसतात, काका." त्या हसल्या नाहीत. "एक सांगा. घरात महिन्याला तेल किती लागतं? ताटातलं नाही, बाटलीतलं."

हा प्रश्न मला धंद्यातला वाटला. मी स्वतःही दुकानदाराला वजन विचारत नाही, गोण्या किती आल्या आणि किती गेल्या ते विचारतो. "बघून सांगतो," म्हणालो आणि पाय हलवत बसलो. त्या दिवसांत माझा उजवा पाय सारखा हलायचा. कचेरीत टेबल हलायचं, शेजारचा कारकून वैतागून पेन उचलून धरायचा.

घरी येऊन किती बाटल्या तेल भरून आणलं ते मोजलं. मी लग्न केलं नाही, दादा-वहिनींकडेच राहतो, स्वयंपाक एकत्र. डायरीप्रमाणे आम्हा तिघांचं चार आठवड्यांचं तेल दीड किलोच्या आसपास यायला हवं होतं. संपलं होतं दोन किलो तीनशे. आठशे ग्रॅमची तफावत.

आठशे ग्रॅम! एवढ्या फरकावर मी दुकानाला टाळं लावलेलं आहे.

आणि तिथेच मी चुकलो. ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळे खिळेच दिसतात, माझ्या हातात तर वजनंच होती. मला वाटलं, तेलवाला मापात मारतो. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटं तेल भरून आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जायच्या आधी त्याच्याकडे गेलो, पितळेची वजनं काढली आणि गप्प राहिलो.

तेलवाल्यानं पाणी विचारलं, खुर्ची दिली, पण घाम काही पुसला नाही. काटा तंतोतंत होता. किलोमागे एक ग्रॅमचाही फरक नाही. मी मापाचं भांडं पाण्यानं भरून तपासलं, त्याच्या तळाला मेण लावलंय का बोट फिरवून पाहिलं. काही नाही. उलट तो कमी कशाला देईल, मी विचार करायला लागलो. कमी दिलं असतं तर माझं वजन उतरलं असतं.

"साहेब, काही कमी आलं का?" त्यानं विचारलं.

"कमी नाही," मी म्हणालो. "जास्त गेलं."

"मग घरी बघा ना," तो म्हणाला. फार सभ्यपणे म्हणाला. बावीस वर्षांत माझा एवढा अपमान कोणी केला नव्हता.

घरी बघायचं म्हणजे वहिनीकडे बघायचं. पण वहिनी चोख होती. भाजीची फोडणी माझ्या समोर मापी चमच्यानं घालायची. पोळीला तेलाचा हात लावणं बंद. चहात साखर नाही, दूध साय काढलेलं. भात वाटीनं. एवढं करून ती ताट माझ्यासमोर ठेवायची तेव्हा तिचा चेहरा पडलेला असायचा. नवऱ्याला जीव देणाऱ्या दिराला पाणचट भाजी वाढायची, हे तिला आतून खात होतं. मग ती म्हणायची, "भाऊजी, तोंडी लावायला तरी घ्या काहीतरी."

तोंडी लावायला लोणचं, गोड चटणी आणि तळलेला पापड. दोन्ही वेळा.

दादाला यातलं काहीच चालत नव्हतं. त्याला मीठ बंद. मीठ खाल्लं की पोटात पाणी साठतं. म्हणजे आख्खी बरणी, आख्खा पापडाचा डबा आणि चटणीची काचेची बाटली जवळजवळ एकट्या माझ्या वाट्याला. दादा समोर बसून अळणी वरण-भात कालवायचा आणि माझ्या पापडाचा आवाज ऐकायचा. "खा खा," म्हणायचा, "मी कानानं खातोय."

आता मी ते डायरीत लिहीत नव्हतो असं कोणी समजू नये. लिहीत होतो, आणि हिशेबासकट. वहिनीकडून लोणच्याचं प्रमाण घेतलं: तीन किलो फोडी, एक किलो मीठ-मसाला, एक किलो तेल. पाच किलोत एक किलो तेल, म्हणजे वीस टक्के. बारा ग्रॅमच्या चमच्यात दोन पूर्णांक चार ग्रॅम. पापड कच्चा तोलला: बारा ग्रॅम. तळून तोलला: चौदा. तेल दोन ग्रॅम. चटणीत साखर नाही, गूळ आहे. साखर शून्य. असा प्रामाणिक हिशेब मी दशांश चिन्हासह मांडला होता. दशांश चिन्ह दिसलं की लोकांचा विश्वास बसतो. माझा तर बसलाच होता.

तफावत सापडेना तेव्हा चमचाबाईंनी फोनवर सांगितलं, "वहिनींना घेऊन या. जे जे ताटात पडतं ते सगळं आणा. आणि वाढायचा चमचा आणा. तुमचा नाही, त्यांचा."

वहिनी अशी तयार झाली जशी परीक्षेला निघालीय. बरणी जुन्या साडीत गुंडाळली, चटणीची बाटली पिशवीत, पापड डब्यात. वाटेभर तिनं बरणी मांडीवर बाळासारखी धरली होती. दोन वेळा रिक्षावाल्याला म्हणाली, "जरा हळू, आत तेल आहे." तिसऱ्यांदा रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "पेट्रोल आहे का काय?"

चमचाबाईंच्या खोलीत एक टेबल, एक ग्रॅमचाही दहावा भाग दाखवणारा काटा, भिंतीवर यकृताचं रंगीत चित्र. मी आधी काट्याखाली वाकून त्याची पातळी बघितली. सवय. ठीक होता.

"वहिनी, काकांना वाढता तसं या वाटीत वाढा," बाई म्हणाल्या. "अगदी तसंच."

वहिनीनं बरणीचं झाकण काढलं. खोलीत जो वास पसरला त्यानं बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी दारातून डोकावून पाहिलं. बरणीत फोडी खाली आणि त्यांच्यावर दोन बोटं तेल, लालभडक, आरशासारखं. वहिनीनं चमचा अलगद वरच्या वर फिरवला, एक फोड हेरली, आणि ती तेलासकट, काठोकाठ, थेंब न सांडता वाटीत सोडली. हात असा की बघत राहावं.

"नेहमी असंच वरून?"

"मग काय! वरचा चमचा भाऊजींचाच." वहिनीला अभिमान वाटला. "खालचा गाळ मी खाते. वरची तर्री म्हणजे बरणीची साय. मसाल्याचा सगळा अर्क त्यात उतरलेला असतो."

बाईंनी तोललं. अठरा ग्रॅम. मग वाटी बारीक गाळणीत उपडी केली, खाली दुसरी वाटी ठेवली, आणि आम्ही तिघं ठिबकणं ऐकत राहिलो. माझा पाय हलत होता. पाच मिनिटांनी खालची वाटी तोलली.

"नऊ ग्रॅम तेल. फोडीला चिकटलंय ते वेगळंच, ते सोडून देते." त्यांनी माझी डायरी पुढे ओढली. "तुम्ही काय लिहिलंय? दोन पूर्णांक चार."

"मी सरासरी काढली," मी म्हणालो.

"बरणीला सरासरी माहीत नसते, काका. तेल वर असतं."

वहिनी मध्येच म्हणाली, "वर असायलाच पाहिजे. फोड उघडी पडली की बुरशी येते. म्हणून मी तेल कमी झालं की गरम करून, गार करून परत ओतते ना."

चमचाबाईंनी पेन उचललं. दुकानदार बोलता बोलता बोलून जातो तेव्हा मीही असंच पेन उचलतो.

"केव्हा ओतता?" बाईंनी विचारलं.

"या चार आठवड्यांत तीनदा ओतलं. वाटी-वाटीभर. आधी वर्षातून एकदा लागायचं, यंदा सारखं खाली जातंय. मला वाटलं फोडी पितात."

फोडी पीत नव्हत्या. मी पीत होतो. तीन वाट्या, साधारण पाचशे ग्रॅम. रोजचे दोन चमचे, नऊ-नऊ ग्रॅम, अठ्ठावीस दिवस. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि पाचशे चार आले. तेलवाल्याची माफी मागायला हवी होती. अजून मागितलेली नाही.

"आता पापड," बाई म्हणाल्या.

"पापडाचं तरी बरोबर आहे," मी म्हणालो. "आधी तोलला, नंतर तोलला. वजाबाकी आहे. त्यात सरासरी नाही."

"तेलात टाकल्यावर चुर्र वाजतो ना तो?"

"वाजतो."

"काय वाजतं?"

मी विचार केला. बावीस वर्षांत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. बाईंनी उत्तराची वाट न बघता एक कच्चा पापड तोलला, बारा ग्रॅम भरला. बाजूच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हमध्ये तो तेलाशिवाय भाजून आणला, फुललेला, पांढरा. परत काट्यावर ठेवला. साडेदहा.

"दीड ग्रॅम पाणी उडालं. तळतानाही तेवढं उडतं, म्हणून वाजतो. पाणी दीड गेलं आणि तरी वजन दोननं वाढलं, तर तेल किती आलं?"

"साडेतीन," वहिनी म्हणाली. माझ्या आधी.

मी वाफ धरलीच नव्हती. ओलं मीठ, ओला गूळ, ओली साखर विकणाऱ्यांना मी आयुष्यभर ओलाव्यावरून पकडलं. ओलाव्याचे पैसे घेतोस, असं दरडावलं. आणि माझ्याच पापडातला ओलावा माझ्या डोळ्यांसमोर वाजत वाजत निघून गेला.

चटणीचं फार लांबलं नाही. "गूळ आहे, साखर नाही," वहिनी ठामपणे म्हणाली. "डॉक्टरांनी साखर बंद सांगितली त्याच दिवशी साखरेची चटणी मी फेकून दिली, ही मुद्दाम गुळाची केली."

"वहिनी, यकृताला दोन्ही सारखेच. किती चिंच, किती गूळ?"

"निम्म्याला निम्मं."

वीस ग्रॅमचा चमचा, म्हणजे दहा ग्रॅम गूळ. दोन वेळचे वीस. बाईंनी सगळं कागदावर उतरवलं. लोणच्याचं तेल अठरा, पापडाचं सात. ताटाच्या कडेनं पंचवीस ग्रॅम तेल. "तुम्हाला दिवसाला वीस ग्रॅम सांगितलंय, काका. ते तुम्ही भाजीत पाळलंत. आणि कडेनं त्याहून जास्त खाल्लंत." त्यांनी माझ्या लिहिलेल्या आकड्यांतून वजा केलं: तेलाचे सोळा ग्रॅम जास्त, गुळाचे वीस. सव्वादोनशे कॅलरी. हवेतून आलेल्या.

वहिनी उठली. बरणीला झाकण लावलं. साडी गुंडाळायला लागली, पण गाठ बसेना. "म्हणजे मी..." ती म्हणाली. "आमचं माणूस तिकडे अळणी खाऊन दिवस मोजतंय, आणि मी इकडे त्यांच्याच यकृतावर तेल ओतत होते?"

"तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या घरांत असंच होतं. ताट मोजतात, कड मोजत नाहीत."

रिक्षात वहिनीनं बरणी मांडीवर घेतली नाही. पायाशी ठेवली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तफावत सापडली होती, हिशेब लागला होता, गुन्हेगार लोणचं होतं. पण घरी आलो आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. खुर्चीवर बसलो, उठलो, खिडकी उघडली, बंद केली. सव्वादोनशेचा हिशेब जुळला तरी आत काहीतरी शिल्लक राहत होतं.

दुपारी दादानं हाक मारली. त्याच्या मशीनपाशी एक सुती कापड पडलं होतं. "ये, माप देऊन जा. दवाखान्यासाठी शर्ट शिवतोय तुला. पुढून पूर्ण उघडणारा, डोक्यातून काढायला नको. पोटावर टाके असणार."

मी हात पसरून उभा राहिलो. दादानं टेप माझ्या पोटाभोवती घेतली. त्याचे हात काटक्या झाले होते, पोट मात्र सात महिन्यांच्या बाईसारखं. त्याच्या पोटाचा मला धक्का लागला तेव्हा आम्ही दोघंही थोडे मागे सरलो.

"छत्तीस," तो म्हणाला. "महिन्यापूर्वीही छत्तीसच. मला वाटलंच."

"आज कळलं ना कारण. वरचं तेल होतं सगळं."

"हं." त्यानं टेप गळ्यात टाकली. "एक विचारू? तुझ्या खात्यात तेल पाण्यावर तरंगतं हे शिकवत नाहीत का?"

मी हसलो. तो हसला नाही.

"तू दुधातलं पाणी डोळ्यांनी ओळखतोस. तुपातली भेसळ नाकानं. आणि समोर दोन बोटं तेल दिसत असताना तुला वीस टक्के वाटलं?"

"सरासरी काढली मी."

"ती वाढते, खरं. पण ताट तू पुढे करतोस. एक चमचा पडला की ताट तसंच धरून ठेवतोस, मग ती अजून थोडी तर्री सोडते. मी रोज बघतो. मला जेवायला तेवढंच असतं, बघायचं."

माझा पाय हलायचा थांबला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच.

"हे बघ," दादा म्हणाला आणि कापडाची कड बोटांनी चाचपायला लागला. "आम्ही शिवताना आत दाब सोडतो. माणूस उद्या जाड झाला तर उसवून वाढवता येतो. बाहेरून दिसत नाही. तू हिशेबात तसा दाब सोडलास. डॉक्टर नाही म्हणाले की सुटलास, तुला नाही म्हणायला नको. बरोबर?"

दारामागे वहिनी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज बंद झाला.

"पाचशेत एक जण दगावतो म्हणाले," मी म्हणालो. एवढंच निघालं तोंडातून. "देणारा. दादा, पाचशे दुकानं मी दोन वर्षांत तपासतो. त्यात एक तरी सापडतंच."

"मग सांगायचंस ना. मला सांग. वहिनीला नको सांगू, डॉक्टरला सांगायला लावू नको, आणि लोणच्याला तर मुळीच नको. मी यादीत थांबेन. शर्ट शिवून ठेवतो, घालशील कधीतरी."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते की. माझ्यापेक्षा तुझी जास्त वाटते. मला तर चिरणारच आहेत, माझं आत आहे काय आता." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हात खाली कर. दमला असशील. माप कधीच घेऊन झालंय."

मी हात तसेच पसरून उभा होतो.

तिथून मी काही तडक निर्णय घेतला असं नाही. मी फक्त खोलीत गेलो आणि डायरी काढली. आमच्या कामात एक नियम आहे: खोटं माप सापडलं की ते जप्त करायचं आणि खरा आकडा त्याच कागदावर, जुन्या आकड्याशेजारी, लाल शाईनं लिहायचा, खोडायचा नाही. अठ्ठावीस दिवसांच्या पानांवर मी लाल शाईनं खरे आकडे लिहिले. संध्याकाळपर्यंत लागलं. शेवटच्या पानावर शेरा लिहायची जागा होती. तिथे लिहिलं: "निरीक्षकाला माहीत होतं." सही केली. तारीख घातली. सही केली की माझं मन ताळ्यावर येतं, हे वाईट आहे पण खरं आहे.

मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनीचा वाढायचा चमचा मागितला.

"कशाला?"

"जप्ती."

तिनं चमचा दिला. डोळे पुसलेले होते, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं होतं हे कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. "चहा ठेवू?" तिनं विचारलं. "बिनसाखरेचा, बिनगुळाचा."

पुढचे चार आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. चमचाबाईंनी डायरीतला लाल शेरा वाचला, कॅलरी बाराशेवर आणल्या आणि रोज तासभर चालायला सांगितलं. मी दुकानं पायी तपासायला लागलो. तीन गल्ल्यांतल्या दुकानदारांना वाटलं मोहीम निघाली आहे. सगळ्यांनी आपापले काटे दुरुस्त करून घेतले. जेवताना हात शिवशिवायचे. ताट पुढे करायची सवय अंगात असते, ती मोडताना मनगट दुखतं. एकदा पाणचट भाजीसमोर बसून मला दादाचा राग आला, पाचव्या मिनिटाला स्वतःचा आला, आणि मग भाजी संपली. भीती होतीच. ती कुठल्याच काट्यावर कमी भरली नाही. मी रोज सकाळी वजन करायचो आणि रोज सकाळी ती तेवढीच.

दोनदा दादाच्या पोटातलं पाणी काढलं. दुसऱ्या वेळी सात लिटर.

शेवटच्या तपासणीला वजन साडेएकोणसत्तर भरलं. चरबी मोजणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात "श्वास धरा" म्हणाले तेव्हा मी इतका धरला की तंत्रज्ञाला दोनदा "सोडा" म्हणावं लागलं. निकाल दुसऱ्या दिवशी आला. नऊ पूर्णांक एक. मी कागद उलटा करून पाहिला, तारीख पाहिली, नाव पाहिलं. माझाच होता.

सर्जन म्हणाले, "अजूनही माघार घेता येईल. आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तुम्ही बसत नाही. कारण सांगणार नाही."

म्हणजे दाब सगळेच सोडतात. मी म्हणालो, "घरच्यांना कारण आधीच माहीत आहे. तारीख द्या."

तारीख मिळाली, पुढच्या मंगळवारची. दुपारी घरी जेवायला बसलो. दादाचा शर्ट खुंटीवर तयार होता, पुढून उघडा, दोन मापं मोठा. "चौतीसवर आलायस," तो म्हणाला, "पण टाक्यांना सूज येते, दाब ठेवलाय." मी शर्ट अंगाला लावून पाहिला.

वहिनीनं ताटं वाढली. मग थोडी घुटमळली आणि बरणी घेऊन आली. चार आठवडे ती बरणी फडताळात मागे होती. मी चमचाबाईंना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, एक फोड, निथळून, अर्धा चमचा, चालेल. लिहायची मात्र.

वहिनीनं झाकण काढलं. मापी चमच्यानं तेल बाजूला सारलं, तळातली एक फोड उचलली आणि बरणीच्या काठाला दाबून धरली. तेल काठावरून आत सरकत होतं. ती मनात अंक मोजत होती, ओठ हलत होते. दादा जेवायचा थांबला आणि बघायला लागला. तीस झाले. अजून एक थेंब लोंबकळत होता. वहिनीनं थेंबाकडे पाहिलं, परत दहापर्यंत मोजलं. थेंब पडला. मग फोड माझ्या ताटात आली, कोरडी, सुरकुतलेली, नखाएवढी.

"खालचीच आहे हं, भाऊजी," ती म्हणाली. "गाळातली."

मी ताट पुढे केलं नव्हतं. फोड तोंडात टाकली. खारट, आंबट, तिखट. दादा डोळे मिटून वास घेत बसला होता.

"गिळू नकोस इतक्यात," तो म्हणाला. "मला अजून ऐकू आलं नाही."